दोन तुकड्या, एक आलेख कागद : दहावीच्या गुणांच्या प्रकल्प नोंदी

18 नोव्हेंबर 2024, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. प्रथम सत्राच्या बीजगणिताच्या उत्तरपत्रिका सुट्टीत तपासून झाल्या होत्या. आज दोन्ही तुकड्यांच्या गुणांच्या याद्या मुख्याध्यापकांकडे दिल्या. पेपर 40 गुणांचा. अ तुकडीत 50 मुले, ब तुकडीत 40. अ ची सरासरी 21.2 आली, ब ची 20.8. सरांनी दोन्ही आकडे पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे दोन्ही तुकड्या सारख्याच. जादा तास लावायचे तर दोघींना सारखेच लावू."

मला ते पटले नाही, पण का पटत नाही हे तेव्हा सांगता आले नाही. दोन्ही तुकड्यांना मीच शिकवते. ब मध्ये फळ्याकडे पाठ करून वळले की दोन वेगळ्या तुकड्या समोर बसल्यासारखे वाटते. सरासरीत ते कुठेच दिसत नव्हते.

सांख्यिकीचा धडा येतोच आहे, तेव्हा हाच प्रकल्प मुलांना द्यायचे ठरवले. गुण त्यांचेच, पण नावे आणि हजेरी क्रमांक काढून नुसते आकडे चिठ्ठ्यांवर लिहून दिले. प्रत्येक तुकडीतून सहा जणांचा गट केला.

या वहीत शब्दांचा एक नियम पाळते आहे. मुलांच्या वर्गाला इथे "तुकडी" म्हणायचे आणि 10–15, 15–20 अशा गटांनाच "वर्ग" म्हणायचे. आज तासाला "या वर्गात किती मुले?" असे विचारले, तर अर्ध्या मुलांनी पट सांगितला.

19 व 20 नोव्हेंबर

विधानसभेचे मतदान. माझी ड्युटी दुसऱ्या गावी होती, आमच्या शाळेतही केंद्र होते. काम झाले नाही.

21 नोव्हेंबर, गुरुवार

दोन्ही गटांनी आपापल्या तुकडीचे आयतालेख काढून आणले. काम नीटनेटके होते, आयत स्वच्छ रंगवले होते. दोन्ही कागद फळ्याशेजारी टाचले आणि विचारले, "काय दिसते?"

उत्तर आले, "ब चे आयत उंच आहेत."

ब च्या गटाने Y-अक्षावर 1 सेमी = 1 विद्यार्थी धरले होते, अ च्या गटाने 1 सेमी = 2 विद्यार्थी. त्यामुळे ब मधले 9 जण 9 सेमी उंच उभे होते आणि अ मधले 13 जण साडेसहा सेमीत मावले होते. प्रमाण कोपऱ्यात लिहिलेले होते, तरी ते कुणी वाचले नाही. डोळा आधी उंची पाहतो, कोपरा नंतर.

प्रमाण सारखे करून पुन्हा काढायला लावले. तरीही एका कागदावरून दुसऱ्यावर नजर नेताना आधीचा आकार निसटून जातो. "15 ते 20 मध्ये अ किती पुढे आहे?" याचे उत्तर देताना मुले बोटाने आयताची उंची धरून ते बोट हवेतून पलीकडच्या कागदापर्यंत नेत होती.

मग एका मुलीने सुचवले, "बाई, दोन्ही एकावर एक काढले तर?" काढून पाहिले. अ चे आयत तिरप्या रेघांनी भरले, ब चे उलट्या तिरप्या रेघांनी. जिथे दोन्ही आले तिथे जाळी झाली आणि कोणती वरची कड कुणाची ते कळेना. ब चा बुटका आयत अ च्या उंच आयताच्या पोटात दिसेनासा झाला. पण कल्पना तिचीच बरोबर होती, एकाच अक्षांवर दोघांना आणायचे. फक्त आयताला अंग असते आणि ते मागचे झाकते. रेषा मागचे झाकत नाही. उद्यापासून वारंवारता बहुभुज.

22 नोव्हेंबर, शुक्रवार

बहुभुजासाठी आकडे हवे होते. दुपारी संगणकावर लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये वारंवारता मोजायला घेतली. वरच्या मर्यादा 5, 10, 15 … 40 अशा E स्तंभात टाकल्या आणि सूत्र लिहून Ctrl+Shift+Enter दाबले:

```
=FREQUENCY(C2:C41;E2:E9)
```

ब साठी उत्तर आले 1, 6, 8, 4, 5, 9, 5, 2. बेरीज 40. पट जुळला म्हणून मी पुढे निघाले होते. तेवढ्यात गटाने ताळ्याच्या खुणा करून आणलेला तक्ता समोर आला: 1, 5, 8, 4, 4, 9, 7, 2. त्याचीही बेरीज 40. तीन वर्गांत फरक.

चूक मुलांची असेल असे धरून मी चिठ्ठ्या पुन्हा लावल्या. चूक माझी निघाली. आपण 10–15 या वर्गात 10 घेतो आणि 15 पुढच्या वर्गात टाकतो. हे सूत्र उलटे करते. दिलेली मर्यादा ते त्याच वर्गात धरते, म्हणजे 10 गुणांचा मुलगा 5–10 मध्ये जातो. ब मध्ये नेमके 10, 15, 20, 25 आणि 30 असे गुण मिळालेली सात मुले आहेत. ती सगळी एकेक घर खाली सरकली होती. 10–15, 15–20 आणि 25–30 मध्ये जितके गेले तितकेच आले, म्हणून तिथले आकडे बदललेलेही दिसले नाहीत.

गुण पूर्णांकात आहेत, तेव्हा मर्यादा 4, 9, 14, 19, 24, 29, 34 आणि 40 अशा दिल्या. लगेच मुलांचा तक्ता मिळाला. शेवटी मुद्दाम 40 ठेवले, कारण पैकीच्या पैकी पडले तर ते आपल्या नियमाने 40–45 या नसलेल्या वर्गात गेले असते. या वेळी सर्वाधिक 38 आहेत, पण पुढच्या वेळी लागेल.

हाच तक्ता कायम:

| वर्ग | वर्गमध्य | अ (50) | ब (40) |
|---|---|---|---|
| 0–5 | 2.5 | 1 | 1 |
| 5–10 | 7.5 | 3 | 5 |
| 10–15 | 12.5 | 6 | 8 |
| 15–20 | 17.5 | 10 | 4 |
| 20–25 | 22.5 | 13 | 4 |
| 25–30 | 27.5 | 9 | 9 |
| 30–35 | 32.5 | 6 | 7 |
| 35–40 | 37.5 | 2 | 2 |

23 नोव्हेंबर, शनिवार

सकाळची शाळा, दोन तास मिळाले. एकाच आलेख कागदावर अ निळ्या पेनने आणि ब लाल पेनने काढायचा होता. अ चे बिंदू अ गटाने टाकले, ब चे ब गटाने.

चित्र पाहून अ ची मुले खूश झाली. निळी टेकडी बरीच उजवीकडे, म्हणजे जास्त गुणांकडे उभी होती. मला संशय आला तो शिखरामुळे. अ मध्ये सर्वाधिक मुले 20–25 मध्ये आहेत, मग शिखर त्या वर्गाच्या मधोमध 22.5 वर हवे. ते 25 वर होते. अ गटाने बिंदू वर्गमध्यावर न टाकता वरच्या वर्गमर्यादेवर टाकले होते. संचित वारंवारता शिकताना वरच्या मर्यादेची सवय लागते, तीच इथे आली. ब गटाने वर्गमध्यच घेतले होते. त्यामुळे अख्खी अ तुकडी फुकटात अडीच गुणांनी पुढे सरकली.

आयतालेखात ही चूक होऊच शकत नाही, कारण आयत वर्गाच्या दोन मर्यादांमध्येच बसतो. बहुभुज एकटा असता तर तो थोडा सरकलेला कुणाला जाणवला नसता. दोन एकत्र आले की हीच चूक खोटा निकाल देते. म्हणून आता आधी पेन्सिलने दोन्ही आयतालेख फिकट काढायचे, प्रत्येक आयताच्या वरच्या बाजूचा मध्यबिंदू घ्यायचा, बिंदू जोडायचे आणि मग आयत खोडून टाकायचे.

25 नोव्हेंबर, सोमवार

दुरुस्त केलेला आलेख पाहिला. 27.5 वर दोन्ही रेषा एकाच बिंदूतून जातात, कारण दोन्हीकडे 9 मुले. एक मुलगा म्हणाला, "इथे दोन्ही तुकड्या सारख्या." मी त्याला विचारले, 50 पैकी 9 आणि 40 पैकी 9 सारखे का? तो थांबला, वहीत भागाकार केला आणि म्हणाला, "18 टक्के आणि साडेबावीस टक्के."

पट वेगळा असेल तर मुलांची संख्या थेट एकावर एक ठेवून चालत नाही, हे त्यानेच सगळ्यांना समजावले. प्रत्येक वारंवारतेला आपापल्या पटाने भागून शेकडेवारी काढली. अ साठी ती 2, 6, 12, 20, 26, 18, 12, 4. ब साठी 2.5, 12.5, 20, 10, 10, 22.5, 17.5, 5. दोन्हींची बेरीज 100. आता Y-अक्षावर "विद्यार्थ्यांची शेकडेवारी" असे लिहिले.

बदल लगेच दिसला. आधीच्या चित्रात उजव्या अंगाला दोन रेषा जवळजवळ चिकटून होत्या. आता 25 च्या पुढे लाल रेषा स्पष्ट वर आली.

26 नोव्हेंबर, मंगळवार

आज टोकांवरून बराच वेळ बोलणे झाले. बहुभुज X-अक्षावर आणून बंद करायचा तर आधीच्या रिकाम्या वर्गाचा मध्य −2.5 आणि नंतरच्या रिकाम्या वर्गाचा मध्य 42.5 घ्यावा लागतो. आयत एकावर एक काढायला सुचवणाऱ्या मुलीनेच विचारले, "उणे अडीच गुण कुणाला पडतात, बाई?" काही जणांनी ही अडचण टाळण्यासाठी पहिला बिंदू सरळ आरंभबिंदूला जोडला होता.

प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी टोके का बंद करतात ते दाखवले. अ चे 15–20 आणि 20–25 हे शेजारचे आयत घेतले, उंची 20 आणि 26. त्यांचे मध्यबिंदू जोडणारी रेषा 20 गुणांच्या रेघेवर बरोबर 23 उंचीवर येते. उंच आयताचा एक कोपरा ती कापून टाकते. तो त्रिकोण अडीच पाया आणि तीन उंचीचा. बुटक्या आयतावर तेवढाच त्रिकोण ती वाढवते. प्रत्येक सांध्यावर हेच होते. दोन्ही टोकांना असेच व्हायचे तर रेषा रिकाम्या वर्गाच्या मध्यापर्यंत जायलाच हवी. मग बहुभुजाचे क्षेत्रफळ आयतालेखाएवढेच राहते. एका मुलाने त्रिकोण कात्रीने कापून एकावर एक ठेवून पाहिले, ते मला फार आवडले.

आपल्या शेकडेवारीच्या आलेखात हे क्षेत्रफळ दोन्ही तुकड्यांसाठी 100 × 5 म्हणजे 500 चौरस एकक आहे. म्हणून एक रेषा कुठे वर गेली तर दुसरीला दुसरीकडे कुठेतरी वर यावेच लागते. तुलनेचा सगळा आधार हाच आहे. मात्र हे सगळे वर्ग सारख्या रुंदीचे असतील तरच खरे.

तरी −2.5 गुण कुणाला पडत नाहीत, हेही तितकेच खरे. आम्ही ठरवले की टोकांचे दोन तुकडे तुटक काढायचे आणि त्यांवरून गुण वाचायचे नाहीत. Y-अक्षही 0 वर न काढता थोडा डावीकडे, −5 वर घेतला, म्हणजे टोकाला जागा मिळते.

27 नोव्हेंबर, बुधवार

पक्का आलेख तयार झाला. आज फक्त तो वाचला.

अ ची रेषा एका टेकडीसारखी आहे. हळूहळू चढते, 22.5 वर शिखर, मग उतरते. ब ची रेषा आधी 12.5 वर चढते, 17.5 आणि 22.5 वर खोलगट होते आणि 27.5 वर पुन्हा चढते. जिथे अ चे शिखर आहे, नेमकी तिथेच ब ची दरी आहे. सरासरी दोघींची 21 च्या जवळपास. पण अ मध्ये 21 च्या आसपास खरोखर मुले बसलेली आहेत. ब मध्ये तिथे फारसे कुणी नाही. फळ्याकडे पाठ करून वळल्यावर मला जे वाटत होते ते आज कागदावर दिसले.

रेषा दोन ठिकाणी एकमेकींना छेदतात, साधारण 15 जवळ आणि 26 च्या थोडे पुढे. मुलांना छेदबिंदू अचूक मोजायचा मोह झाला. तो मी थांबवला. दोन मध्यांमधली सरळ रेषा आपण ओढलेली आहे, तिथे कुणी मूल नाही. छेदाच्या कोणत्या बाजूला कोण वर आहे एवढेच रेषेवरून घ्यायचे आणि आकडे तक्त्यातून मोजायचे. ते असे: 15 च्या खाली अ मध्ये 20 टक्के, ब मध्ये 35 टक्के. 15 ते 25 मध्ये अ चे 46 टक्के, ब चे 20. आणि 25 व पुढे अ चे 34, ब चे 45.

शेवटच्या वर्गात अ 4 टक्के आणि ब 5 टक्के. "हुशार मुले ब मध्ये जास्त," असे कुणीतरी म्हटले. दोन्हीकडे दोन-दोनच मुले आहेत. ब मध्ये एका मुलाचे वजन अडीच टक्के, अ मध्ये दोन टक्के. इतक्या लहान पटात चार-पाच टक्क्यांचा फरक म्हणजे एखादे-दुसरे मूल, त्यावरून काही बोलू नये.

29 नोव्हेंबर, शुक्रवार

मग 40 मुलांवरून दिसलेली दरी तरी खरी का? ही शंका मलाच होती, म्हणून आज वर्ग बदलून पाहिले.

10 रुंदीचे वर्ग घेतले तर ब ची शेकडेवारी 15, 30, 32.5, 22.5 येते. दरी नाहीशी, नुसती एक पसरट टेकडी. 2 रुंदीचे घेतले तर वीस वर्गांत 40 मुले विखुरली आणि दोन्ही रेषा करवतीच्या दातांसारख्या झाल्या. रुंदी 5 ठेवूनच वर्गांची सुरुवात सरकवून पाहिली: 3–8, 8–13, 13–18 असे. ब मध्ये संख्या आल्या 3, 8, 6, 3, 8, 8, 3, 1. खोलगट भाग थोडा सरकला, पण राहिला. अ ची टेकडी एकच राहिली.

रुंदी वाढवली की दरी जाते हा तिच्याविरुद्धचा पुरावा नव्हे. दहा गुणांच्या वर्गात अख्खी दरी तिच्या काठांसकट गिळली जाते. सुरुवात सरकवल्यावर ती टिकली, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. वर्गांच्या मर्यादा योगायोगाने तशा पडल्यामुळे दरी दिसली असती, तर ती सरकवल्याबरोबर बुजली असती. तरी सगळ्यांत भक्कम तपासणी चिठ्ठ्यांची. ब मध्ये 18 ते 22 या पाच गुणांत मिळून तीनच मुले आहेत, आणि त्यावर वर्गांच्या निवडीचा काही परिणाम होत नाही.

एक लहान गोष्ट लिहून ठेवते. वर्गमध्यांवरून सरासरी काढली तर अ ची 21.7 आणि ब ची 21.25 येते, खऱ्या सरासरीपेक्षा साधारण अर्धा गुण जास्त. गुण पूर्णांकात असल्याने 10–15 मध्ये खरे तर 10 ते 14 हेच गुण येतात आणि त्यांचा मध्य 12 आहे, 12.5 नव्हे. दोन्ही रेषा सारख्याच सरकतात, म्हणून तुलनेला बाधा येत नाही.

2 डिसेंबर, सोमवार

आलेखाच्या झेरॉक्स प्रती काढल्या तर निळी आणि लाल, दोन्ही रेषा काळ्या झाल्या. पुन्हा काढला: अ अखंड रेषेने आणि बिंदूंना गोल, ब तुटक रेषेने आणि बिंदूंना त्रिकोण. टोकांचे तुकडे आधीच तुटक होते, त्यांना आता टिंबांची रेषा दिली. सूची कोपऱ्यात ठेवली नाही. रेषांच्या अंगावरच "अ (50)" आणि "ब (40)" असे पटासकट लिहिले.

संगणकावरही एक प्रत केली. तिथे साध्या रेषालेखाऐवजी XY आलेख घेतला, म्हणजे −2.5 पासूनचे मध्य खऱ्या अंतरावर बसतात. रेषा गुळगुळीत करण्याचा पर्याय बंद ठेवला. तो लावला की वक्र बिंदूंच्या मधे स्वतःच्या मनाने वर-खाली जातो.

क तुकडीही यात घ्या असे एका सहकाऱ्यांनी सुचवले. घेऊन पाहिली. तीन रेषा मधल्या भागात इतक्या गुंतल्या की ब ची दरीच हरवली. क ची तुलना हवी असेल तर वेगळा कागद, आणि सोबत एकच दुसरी तुकडी.

4 डिसेंबर, बुधवार

आलेख मुख्याध्यापकांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, "ही खालची टेकडी कोणत्या मुलांची?"

ते आलेख सांगत नाही. मुले कुठे आहेत ते तो दाखवतो, का आहेत ते उत्तरपत्रिकेत शोधावे लागते. ब मधल्या 15 च्या खालच्या 14 उत्तरपत्रिका काल रात्री पुन्हा काढल्या होत्या. त्यांतल्या 11 जणांनी वर्गसमीकरणांचा प्रश्न एक तर सोडला आहे किंवा मधल्या पदाची फोड करताना चिन्ह चुकवले आहे. अंकगणिती श्रेढीत हीच मुले बरी आहेत. अ मध्ये 15 च्या खाली 10 जण आहेत, पण त्यांच्या चुका पेपरभर पसरलेल्या आहेत.

ठरले ते असे. ब च्या या 14 जणांना आठवड्यातून दोन तास, आधी नुसते अवयव पाडणे. अ च्या 10 जणांची उत्तरपत्रिका प्रत्येकाबरोबर बसून पाहायची. बाकीच्यांना जादा तास नाही.

जानेवारीतल्या सराव परीक्षेसाठी ब च्या गटाने आजच नवा आलेख कागद आखून ठेवला आहे. वर्ग तेच, प्रमाण तेच, Y-अक्ष −5 वर. नोव्हेंबरची ब ची रेषा त्यावर आधीच उतरवली आहे. जानेवारीची तिच्यावरच येईल आणि मी आधी 17.5 चा बिंदू पाहणार आहे.